मदत हवी आहे: पाच चादरी विकल्या, एक परत आली, खात्यात १९०१.२० रुपयेच जमा. बाकीचे कुठे गेले?

जेकार्ड_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. ओळखीच्या यंत्रमाग कारखान्यातून चादरी घेऊन गेल्या तीन महिन्यांपासून ऑनलाइन विकते. जीएसटी नंबर आहे. एक चादर जीएसटी धरून ८४० रुपयांना लावली आहे. मागच्या आठवड्यात पाच गेल्या, त्यातली एक गिऱ्हाइकाने "रंग फोटोसारखा नाही" म्हणून परत पाठवली.

माझा हिशेब असा. चार चादरींचे ३३६० रुपये. त्यातून १० टक्के कमिशन ३३६, पेमेंट फी दर ऑर्डरला १६ प्रमाणे ६४, शिपिंग दर पार्सलला ११० प्रमाणे ४४०. म्हणजे २५२० यायला हवे होते. आले १९०१.२०. सहाशेच्या वर रक्कम कमी आहे. हेल्पलाइनवर दोनदा विचारलं, "रिपोर्ट बघा" एवढंच उत्तर. रिपोर्ट उघडला तर चाळीसेक ओळी, काही अधिक, काही उणे. रात्री बारापर्यंत बसले, तरी मेळ बसेना. कारखान्याचे पैसे शनिवारी द्यायचे आहेत. कोणी समजावून सांगेल का?

खातेवही७

ताई, कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुम्ही धरलेला नाही. शिवाय एक टक्का टीडीएस आणि एक टक्का टीसीएस कापतात. विक्रीवरचा ५ टक्के जीएसटीसुद्धा पोर्टलच कापून सरकारला भरतं. हे सगळं मिळवा, बरोबर सहाशे होतील.

आगळवाला

माझंही असंच झालंय. मी कोकम आगळ पाठवतो. गेल्या महिन्यात सात बाटल्या "गिऱ्हाईक घरी नव्हतं" म्हणून माघारी आल्या, दोन फुटल्या. पण शिपिंगचा एक रुपयाही कापला नाही. तुमचा कापला असेल तर तक्रार करा, सोडू नका.

ताळेबंद

आगळवाले दादा, तुमची बाटली गिऱ्हाइकाच्या हातात पोचलीच नाही. ताईंची चादर पोचली, उघडली आणि मग परत आली. बऱ्याच ठिकाणी या दोन्हींचे नियम वेगळे असतात. पहिल्यात शिपिंग सोडून देतात, दुसऱ्यात जायचं आणि यायचं, दोन्ही भाडी विक्रेत्याकडून घेतात. ताई, तुमच्या दरपत्रकात परतीचं भाडं किती लिहिलंय तेवढं सांगा.

खातेवही, तुमचं पहिलं वाक्य बरोबर, पण १८ टक्के नुसत्या कमिशनवर नाही, पेमेंट फी आणि शिपिंगवरही लागतो. टीसीएस १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे आणि टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. आणि विक्रीवरचा ५ टक्के जीएसटी पोर्टल भरत नाही. चादरीमागे ४० रुपये ताईंच्या खात्यात येतात आणि ते त्यांनाच रिटर्नमध्ये दाखवून भरायचे असतात. हे नक्की लक्षात ठेवा ताई. खात्यात आलेली रक्कम सगळी आपलीच समजून कारखान्याला दिली की २० तारखेला धावपळ होते.

जेकार्ड_सोलापूर

परतीचं भाडं १३० लिहिलंय. आणि खाली बारीक अक्षरात आहे की परतीच्या ऑर्डरचं कमिशन परत मिळेल, पेमेंट फी मिळणार नाही.

ताळेबंद

मग मांडू या. एका पोचलेल्या चादरीवर कमिशन ८४, फी १६, शिपिंग ११०, असे २१०. त्यावर जीएसटी ३७.८०. टीसीएस आणि टीडीएस ८०० रुपयांवर धरतात, ते ४.८०. म्हणजे ८४० मधून हातात ५८७.४०. अशा चार चादरींचे २३४९.६०.

आता पाचवी. तिचे ८४० आले आणि ८४० गेले, ती ओळ शून्य. पण जातानाचं शिपिंग ११०, येतानाचं १३० आणि न मिळणारी फी १६, असे २५६, जीएसटी धरून ३०२.०८ तुमच्या चार चादरींच्या पैशांतून वळते झाले. उरले २०४७.५२.

तरी १४६.३२ चा फरक राहतोच. रिपोर्टमध्ये परत आलेल्या चादरीचा ऑर्डर नंबर शोधा आणि `Commission` ची ओळ अधिक चिन्हाने आली आहे का ते बघा. नंतर पाचही ऑर्डरींचं शिपिंग एकाखाली एक लिहा.

जेकार्ड_सोलापूर

दादा, सापडलं! परतीच्या ऑर्डरला कमिशनची ओळ उणेच आहे, अधिकची कुठेच नाही. आणि पोचलेल्या चारपैकी एका चादरीला शिपिंग ११० नाही, १५० लावलंय. पण ती चादर इतरांसारखीच! पिशवीसकट १ किलो ४०० ग्रॅम, मी स्वतः काट्यावर ठेवली होती.

ताळेबंद

बसला मेळ. कमिशन ८४ आणि त्यावरचा जीएसटी मिळून ९९.१२. जादा ४० आणि त्यावरचा जीएसटी मिळून ४७.२०. बेरीज १४६.३२.

वजनाचं असं आहे की काट्यावरचं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त ते धरतात. माप सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत:

```
लांबी × रुंदी × उंची ÷ 5000
```

तुम्ही नोंदवलेलं माप काय आहे?

जेकार्ड_सोलापूर

३८, ३०, ६. आत्ता एक पार्सल बांधून मोजलं. घडी दाबून पिशवीत घातली तेव्हा सहाच होती. तासाभराने बघितलं तर चादर फुगून मध्ये आठ झाली होती.

ताळेबंद

तेच कारण. सहा उंचीला १.३६८ किलो येतं, आठला १.८२४. तुमचा दीड किलोचा टप्पा ओलांडला गेला. हवा काढून पातळ आतली पिशवी सीलबंद करा, वरून दोन आडव्या पट्ट्या मारा, आणि मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेवा. या वेळच्या ४७.२० साठी दावा टाका, पण फोटो नसेल तर खात्री देता येणार नाही.

पैठणीपदर

मी साड्या विकते. कमिशन पुढच्या हप्त्यात येतं, माझं तसंच यायचं. पण एकदा दोन हप्ते आलंच नव्हतं, ऑर्डर नंबर देऊन तक्रार केल्यावर आलं. आपोआप येईल म्हणून थांबू नका. आणि ताई, परत आलेली चादर कशी आहे? उघडताना व्हिडिओ काढलात का?

जेकार्ड_सोलापूर

व्हिडिओ नाही काढला. लेबल कापलेलं आहे आणि घडीला अत्तराचा वास येतोय. नवी म्हणून विकणार नाही मी ती.

ताळेबंद

मग ती चादरही खर्चात धरा. शुल्कावर कापलेला जीएसटी तुम्हाला क्रेडिट म्हणून मिळेल. टीसीएस जीएसटी पोर्टलवर `TDS and TCS Credit Received` मध्ये जाऊन स्वीकारावा लागतो, टीडीएस `Form 26AS` मध्ये दिसेल. हे पैसे गेलेले नाहीत, अडकलेत. खरे गेले ते परतीचे २५६ आणि जादा शिपिंगचे ४०. चादर कितीला पडते तुम्हाला?

जेकार्ड_सोलापूर

जीएसटी सोडून ४८०, पॅकिंग १५.

ताळेबंद

८०० मधून २१०, ४८० आणि १५ गेले की चादरीमागे ९५ उरतात, चारांचे ३८०. त्यातून परतीचे २५६, तिचं पॅकिंग १५ आणि जादा ४० वजा करा. ६९ रुपये. तेही कमिशन परत आलं तर, आणि ती वासाची चादर न धरता. पाचात एक परत येणारच असेल तर प्रत्येक चादरीवर ६४ रुपये परतीचे म्हणून आधीच चढवावे लागतील.

खातेवही७

८४० ची ९१० केली तर गिऱ्हाईक थांबेल का? त्यापेक्षा फोटो उन्हात काढा, रंगाची तक्रारच येणार नाही.

जेकार्ड_सोलापूर

फोटो ट्यूबलाइटखाली काढले होते हे खरं आहे. उद्या सकाळी गच्चीवर काढते. किमतीचं अजून ठरत नाही, शेजारच्या गल्लीतले ८२० ला विकतात. कमिशनची तक्रार आत्ताच टाकली, काय होतं ते इथेच लिहीन.