वर्किंग पेपर आणि थिंक टँकचे अहवाल प्रबंधात उद्धृत करावेत का?

एम.ए.ची विद्यार्थिनी, कोथरूड:
प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मला २०१९ मधील भारतातील टोकाच्या गरिबीचे प्रमाण द्यायचे आहे. एप्रिल २०२२ मध्ये दोन वर्किंग पेपर प्रसिद्ध झाले. नाणेनिधीच्या मालिकेतील पेपरात हे प्रमाण ०.८ टक्के आहे, तर जागतिक बँकेच्या मालिकेतील पेपरात १०.२ टक्के. दारिद्र्यरेषा दोन्हीकडे दररोज माणशी १.९० डॉलरचीच आहे. मार्गदर्शक म्हणतात की पीअर रिव्ह्यू न झालेले काहीही संदर्भसूचीत घेऊ नकोस. यातील कोणता आकडा घ्यावा, की दोन्ही सोडावेत?

निवृत्त प्राध्यापक, डेक्कन:
आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. वर्किंग पेपर म्हणजे चर्चेसाठी ठेवलेला मसुदा असतो, आणि थिंक टँकच्या अहवालामागे तर बहुतेक वेळा पैसे देणाऱ्याची अपेक्षा असते. एकाच महिन्यात, एकाच रेषेवर, दहा पटींहून अधिक फरकाचे दोन आकडे निघतात, यातच सर्व काही आले. नियतकालिकात छापून येईपर्यंत थांबावे, आणि थांबणे शक्य नसेल तर तो आकडाच वगळावा.

सर्वेक्षणांवर काम करणारी संशोधक, एरंडवणे:
सर, आपल्याविषयी आदर ठेवून मी वेगळे मत मांडते. हे दोन्ही पेपर वगळले तर त्या काळाविषयी लिहायला फारच थोडे उरते. २०११-१२ नंतरचे सरकारी उपभोग सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झाले होते, पण त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतला. पुढचे सर्वेक्षण २०२२-२३ चे. मधल्या वर्षांसाठी जो कोणी आकडा देईल, त्याला तो कुठल्यातरी आधारावर अंदाजानेच काढावा लागेल, मग तो नियतकालिकात छापलेला असो वा नसो. म्हणून प्रत्येक पेपरातला आकडा नेमक्या कोणत्या पायरीवर तयार झाला, हे आधी शोधावे.

नाणेनिधीच्या मालिकेतील पेपरात सुरजित भल्ला, करण भसीन आणि अरविंद विरमानी यांनी २०११-१२ चे सर्वेक्षण पाया धरला आणि पुढच्या वर्षांतला खर्च राष्ट्रीय लेख्यांतील खाजगी उपभोगाच्या वाढीनुसार वाढवला. रेशनच्या धान्यातून मिळणारा लाभही त्यांनी उपभोगात धरला. जागतिक बँकेच्या मालिकेतील पेपरात सुतीर्थ सिन्हा रॉय आणि रॉय व्हॅन डर वाइड यांनी सीएमआयई या खाजगी संस्थेचे कुटुंब सर्वेक्षण घेतले आणि ते देशाचे प्रतिनिधित्व करील अशा रीतीने त्याला नवे भार दिले. पहिल्या पद्धतीची कमजोरी अशी की राष्ट्रीय लेख्यांतील उपभोग आणि कुटुंबे सांगतात तो खर्च यांच्यातली दरी वर्षानुवर्षे वाढत आली आहे, आणि ती वाढ गरिबांच्या ताटात किती पोहोचली हे लेखे सांगत नाहीत. दुसरीची अशी की त्या खाजगी सर्वेक्षणात गरीब कुटुंबे कमी येतात असा गंभीर आक्षेप आहे, आणि नव्या भारांनी तो पूर्णपणे दूर होतो की नाही यावर एकमत नाही.

याशिवाय एक गोष्ट आहे, जी घाईत वाचणाऱ्याच्या हमखास नजरेतून सुटते. उपभोग विचारताना आठवणीचा कालावधी किती धरला? आपल्या आईला ‘गेल्या तीस दिवसांत कोथिंबिरीवर किती खर्च झाला’ असे विचारून पाहा, आणि मग ‘गेल्या सात दिवसांत किती’ असे विचारा. सात दिवसांच्या उत्तराला चारने गुणले तर ते पहिल्या उत्तरापेक्षा बहुधा जास्तच भरते, कारण महिनाभराच्या जुड्या कोणाला आठवत नाहीत. नव्या पद्धतीत भाजी, फळे अशा वस्तू सात दिवसांसाठी आणि क्वचित घेतल्या जाणाऱ्या वस्तू वर्षासाठी विचारतात. या एका बदलाने २०११-१२ चे गरिबीचे प्रमाण त्याच १.९० डॉलरच्या रेषेवर जवळपास निम्म्यावर येते. ०.८ हा आकडा नव्या पद्धतीच्या बाजूचा आहे. १०.२ ची तुलना २०११ च्या २२.५ टक्क्यांशी केलेली आहे, आणि तो आकडा जुन्या पद्धतीचा आहे. म्हणजे दहा पटींच्या फरकातला मोठा वाटा कोणाच्या प्रामाणिकपणाचा नसून निवडींचा आहे, आणि त्या निवडी दोन्ही पेपरांत लिहिलेल्या आहेत.

निवृत्त बँक अधिकारी, सिंहगड रस्ता:
गरिबी कमी झाली आहे हे डोळ्यांनी दिसते. आमच्या भागात वीस वर्षांपूर्वी जिथे पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथे आज पक्की घरे आहेत. नाणेनिधीसारख्या संस्थेने सांगितले असताना त्यावर शंका घेण्याचे कारण मला समजत नाही.

सर्वेक्षणांवर काम करणारी संशोधक, एरंडवणे:
काका, गरिबी घटली असे दोन्ही पेपर म्हणतात. प्रश्न किती घटली याचा आहे. आणि हे नाणेनिधीने सांगितलेले नाही. पेपरातच छापलेले असते की यातील मते लेखकांची आहेत, ती निधीची, त्याच्या कार्यकारी मंडळाची वा व्यवस्थापनाची असतीलच असे नाही. जागतिक बँकेच्या मालिकेतही तशीच ओळ असते. भल्ला त्या वेळी नाणेनिधीवर भारताचे कार्यकारी संचालक होते, हेही वाचकाला ठाऊक असावे. त्याने गणित चुकीचे ठरत नाही, पण ‘नाणेनिधीच्या मते’ असे लिहिणे मात्र चुकीचे ठरते. प्रबंधात लेखकांची नावे घालूनच वाक्य लिहावे.

स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्ती, हडपसर:
माझा अनुभव थिंक टँकच्या अहवालाचा आहे. घरकामगारांच्या उत्पन्नाविषयी एक टक्केवारी आम्ही तीन अहवालांतून घेतली, तीन स्वतंत्र स्रोत आहेत अशा समजुतीने. देणगीदारांच्या बैठकीत कोणीतरी मूळ विचारले, तेव्हा तळटीपा उलट दिशेने वाचत गेलो. तिसऱ्या अहवालाने दुसऱ्याचा आधार घेतला होता, दुसऱ्याने पहिल्याचा, आणि पहिल्यात नमुना किती होता, कोणत्या वस्त्यांतून घेतला, प्रश्न काय विचारले यातले काहीच नव्हते. तो आकडा आम्ही पुढच्या अर्जातून काढला, पण आधीच्या दोन अर्जांत तो अजून आहे, याची मला खंत वाटते.

निवृत्त प्राध्यापक, डेक्कन:
हा अनुभव माझेच म्हणणे सिद्ध करतो. तपासणी झालेल्या नियतकालिकात असे चालले नसते.

सर्वेक्षणांवर काम करणारी संशोधक, एरंडवणे:
सर, कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरील निबंध जानेवारी २०१० मध्ये वर्किंग पेपर म्हणून आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूच्या परिषद-अंकात छापला गेला. त्या अंकातले निबंध नेहमीच्या पीअर रिव्ह्यूमधून जात नाहीत, पण संदर्भसूचीत दिसते ते नियतकालिकाचे नाव. एक्सेलच्या सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. त्याखेरीज काही वर्षे वगळली होती आणि देशांना दिलेले भारही वादग्रस्त होते. कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असलेल्या देशांची सरासरी वाढ त्यांनी उणे ०.१ टक्के दिली होती. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ फाइल मिळवली आणि दोन प्राध्यापकांसह ती तपासली, तेव्हा ही सरासरी २.२ टक्के निघाली. एप्रिल २०१३ मधली ती दुरुस्तीही वर्किंग पेपर म्हणूनच आली होती. चूक सापडली ती फाइल पाहायला मिळाली म्हणून. हडपसरच्या ताईंच्या अहवालात पाहायला काहीच नव्हते, आणि माझ्या दृष्टीने खरा फरक तिथे आहे.

निवृत्त प्राध्यापक, डेक्कन:
परिषद-अंकाचा मुद्दा मला मान्य आहे. पण मूळ लेखकांनी एक्सेलची चूक मान्य करूनही आपला व्यापक निष्कर्ष सोडला नाही, हेही सांगायला हवे. शिवाय एम.ए.च्या विद्यार्थ्याने मूळ फाइल उघडून तपासावी ही अपेक्षा किती जणांना पेलेल? सर्वांना ते जमणार नाही म्हणूनच आम्ही सरसकट नियम करतो. त्यात काही चांगले पेपर बाहेर राहतात, याची मला कल्पना आहे.

विद्यार्थिनी, कोथरूड:
दोन्ही आकडे लेखकांच्या नावांनिशी देईन आणि पायाभूत सर्वेक्षण, आठवणीचा कालावधी आणि रेशन धरले की नाही, एवढे तीन रकाने असलेला लहान तक्ता जोडेन. एक अडचण उरते. यांपैकी एखादा पेपर पुढे सुधारित रूपात आला आणि आकडा बदलला, तर मी कोणती आवृत्ती दाखवायची?

सर्वेक्षणांवर काम करणारी संशोधक, एरंडवणे:
जी वाचली तीच, मालिका-क्रमांक आणि महिन्यासह, आणि तिची पीडीएफ स्वतःजवळ जपून ठेवावी. प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात IDEAS या संकेतस्थळावर त्या पेपराच्या इतर आवृत्त्या दिसतात का ते पाहावे. आकडा बदललेला असेल तर जुना खोडू नये, नवा शेजारी लिहावा आणि बदल कशाने झाला ते एका वाक्यात सांगावे. आपले मार्गदर्शक हा तक्ता स्वीकारतील की नाही, ते मात्र मला येथून सांगता येणार नाही.