लग्न आणि यात्रेच्या भाड्यासाठी बारा सीटची गाडी: ट्रॅव्हलर घ्यावी की विंगर?

हिंडलग्याचा वाहनधारक (प्रश्न):
मी आणि माझा थोरला भाऊ बेळगावजवळ भाड्याच्या गाडीचा छोटा व्यवसाय करतो. सध्या सात सीटची एक गाडी आहे. आता लग्नाच्या आणि पंढरपूर, तुळजापूर, सौंदत्ती, गाणगापूर अशा यात्रांच्या भाड्यासाठी बारा सीटची गाडी घ्यायची आहे. फोर्सची ट्रॅव्हलर घ्यावी की टाटाची विंगर? आणि बारावरच थांबावे की एखादे सीट वाढवून घ्यावे?

चिकोडीचे गाडीमालक:
माझे मत विचाराल तर तेरा किंवा त्याहून अधिक सीट घ्या. डिझेल जवळपास तेवढेच लागते, ड्रायव्हर एकच लागतो, आणि लग्नाचे गिऱ्हाईक ठरलेल्या माणसांपेक्षा दोन-चार जण जास्त घेऊनच येते. त्या वेळी "जागा नाही" म्हटले की पुढचे भाडे दुसऱ्याकडे जाते. कंपनीच्या नावात अडकू नका, सीट मोजा.

निपाणीहून, परमिटची कामे करणारा:
डिझेल आणि ड्रायव्हरच्या बाबतीत वरच्या दादांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्यांनी कायद्याची रेघ धरलेली नाही. मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी नेणारी गाडी मॅक्सी कॅब ठरते. तेरावा प्रवासी आरसीवर चढला की गाडी त्या वर्गातून बाहेर पडते, आणि कराचा टप्पा व परमिटचा प्रकार दोन्ही बदलतात. त्यात विक्रेता "तेरा सीटर" म्हणतो तेव्हा ड्रायव्हर धरून की सोडून, हे बहुतेक वेळा सांगितले जात नाही. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कोटेशनवर "12+1" असे लिहूनच घ्या.

जास्तीची माणसे बसवण्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. अंजना श्याम प्रकरणात 42 प्रवाशांची परवानगी असलेल्या बसमध्ये सुमारे नव्वद माणसे होती. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली विमा कंपनीची जबाबदारी परवानगीतल्या संख्येपुरतीच ठेवली आणि उरलेली भरपाई मालकाकडून वसूल करायची वाट मोकळी ठेवली. वऱ्हाडातले चौदावे, पंधरावे माणूस मालकाच्या घरादारावर बसलेले असते, हे भाडे ठरवताना लक्षात असू द्या.

खानापूरचे गृहस्थ:
सीटचा प्रश्न सुटला असेल तर मी विंगरच्या बाजूने बोलतो. आमच्या घरच्या लग्नकार्यात दोन्ही गाड्यांतून आम्ही गेलो आहोत. विंगरची पायरी खाली असल्यामुळे नऊवारी नेसलेल्या आजीबाई दाराची दांडी धरून स्वतःच चढतात. उंच गाडीला कुणीतरी खालून हात द्यावा लागतो. शिवाय आत बसल्यावर धक्के कमी जाणवतात. भाडे ठरवणारा घरातला कर्ता पुरुष असला, तरी परत आल्यावर गाडी चांगली होती की नाही हे बायकाच सांगतात, आणि पुढचे भाडे त्यावरच मिळते.

चोर्ला घाटातला ड्रायव्हर:
काकांचे पायरीचे म्हणणे मला मान्य आहे, पण मी गाडी चालवणाऱ्याच्या जागेवरून बोलतो. विंगरची ओढ पुढच्या चाकांना आहे, ट्रॅव्हलरची मागच्या. बारा माणसे आणि सामान भरले की वजन मागे जाते. अशा वेळी पावसात चोर्ला किंवा आंबोलीच्या वळणावर चढणीला थांबून पुन्हा उठवायची वेळ आली, तर पुढची चाके हलकी पडून जागीच फिरू शकतात, तर मागच्या चाकांवरचे वजन ट्रॅव्हलरला उपयोगी पडते. पुढच्या ओढीच्या गाडीचे पुढचे टायरही लवकर झिजतात. खराब रस्त्यावर ॲक्सलचे रबरी बूट फाटले, की आत माती जाते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना पुढून कट-कट आवाज येऊ लागतो. तो आवाज ऐकूनही यात्रेला निघू नये.

तुमची भाडी पंढरपूर, विजयपूर, सौंदत्ती अशा सपाटीच्या रस्त्यांची जास्त असतील तर माझा आक्षेप बराच सौम्य होतो. गोव्याकडची असतील तर होत नाही.

संकेश्वरचे शेतकरी:
आमच्या भाच्याने जुनी गाडी घेतली आणि कोल्हापूरला पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच-09 मध्ये नोंदवली. महाराष्ट्रातच जास्त फिरणे असेल तर तुम्हीही तसेच करा, परमिटची कटकटच राहणार नाही.

निपाणीहून, परमिटची कामे करणारा:
मामा, प्रश्न नव्या गाडीचा आहे, आणि हा सल्ला पाळण्यासारखा नाही. कायद्याच्या कलम 40 प्रमाणे मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जिथे नेहमी ठेवली जाते, तिथलीच नोंदणी हवी. हिंडलग्याच्या दारात उभी राहणारी गाडी केए-22 चीच असली पाहिजे.

मात्र आपल्या भागाची खरी अडचण त्यांनी बरोबर ओळखली. धारवाडच्या माणसाला यात्रेलाच राज्य ओलांडावे लागते. आपल्याला लग्नालाही लागते, कारण सोयरिकी चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या आहेत. जोतिबाला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो म्हटले तरी कागलला महाराष्ट्र सुरू होतो. प्रत्येक वेळी तात्पुरता कर आणि विशेष परमिट काढत बसण्यापेक्षा 2023 च्या नियमांप्रमाणे मिळणारे ऑल इंडिया टुरिस्ट परमिट पहिल्या दिवसापासून घ्यावे, असे माझे मत आहे.

वडगावचे हिशेबनीस:
थोडा हिशेब मांडतो. दर समजण्यापुरते धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशी दोन दिवसांची यात्रा 750 किलोमीटर धरा. 22 रुपये दराने 16,500 आले. लिटरला 10 किलोमीटर आणि डिझेल 90 रुपये धरले तर 6,750 गेले. भत्ता, टोल आणि पार्किंगचे 2,000 गेले. उरले 7,750, म्हणजे दिवसाला चार हजारांच्या आतच. आता चंदगडचे लग्न घ्या. जाऊन-येऊन 100 किलोमीटर, दिवसाचे भाडे 6,500. डिझेलचे 900 आणि भत्त्याचे 500 वजा जाता 5,100 उरले, आणि टायरही झिजले नाहीत.

लग्नाचा दिवस जास्त देतो, पण असे दिवस मोजकेच असतात. चातुर्मासात मुहूर्त नसतात. 2026 मध्ये तर 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. ऐन हंगामातला महिना लग्नांसाठी बंद, पण पंढरपूरला त्याच महिन्यात गर्दी. हप्ता मात्र बाराही महिने येतो. म्हणून गाडी यात्रेला पुरी पडेल अशीच निवडा.

आणि यात्रेला सामानाची जागा लागते. ट्रॅव्हलरच्या आखूड, 3050 व्हीलबेसच्या बॉडीत बारा सीट बसवल्या की शेवटच्या सीटमागे फार तर पिशव्या राहतात. 3350 व्हीलबेसवर बाराच सीट ठेवल्या तर मागे अंथरुणाच्या वळकट्या, शेगडी आणि भांडी आत राहतात, आणि लग्नात रुखवताचे सामानही. टपावर स्वतः कॅरियर ठोकून घेतला तर फिटनेसला अडतो. शोरूममध्ये मागचे दार उघडून, शेवटची सीट पूर्ण मागे कलवून, मग उरलेली जागा मोजा.

खानापूरचे गृहस्थ:
सामानाचे पटले. पण लांब गाडी आमच्या गावच्या बोळात वळत नाही. वऱ्हाडाला वेशीवर उतरून चालावे लागते, त्याचे काय?

चिकोडीचे गाडीमालक:
बाराची रेघ मी मान्य केली. पण पहिल्याच वर्षी ऑल इंडिया परमिटची फी भरायला माझा विरोध कायम आहे. एक हंगाम तात्पुरता कर भरून काढा, किती वेळा कागल ओलांडले ते वहीत लिहा, आणि मग ठरवा.

निपाणीहून, परमिटची कामे करणारा:
त्या हंगामात एखाद्या रात्री कर भरायचा राहिला आणि वऱ्हाड रस्त्यात अडकले, तर वहीतला आकडा कुणाला दाखवणार? हिंडलगेकरांनी आपल्या सात सीटच्या गाडीची गेल्या वर्षाची भाडी इथे लिहावीत. त्यांतली किती सीमेपलीकडची होती, हे कळल्यावर पुढचे बोलता येईल.