रविवारी आलेली सुट्टी सोमवारी मिळावी की बुडावी?

चाकरमानी: सुट्टी रविवारी आली की ती सोमवारी द्यावी, हा साधा न्याय आहे. जपान आणि अमेरिका देतात; जर्मनीसारखे देश देत नाहीत, ते कामगाराची सुट्टी चोरतात. सगळ्याच सुट्ट्या कायमच्या सोमवारला बांधून टाकाव्यात, म्हणजे कटकट मिटेल.

जुना हिशेबनीस: आपण दोन निराळ्या गोष्टींची मोट बांधली आहे. तारीख तशीच ठेवून रविवारी बुडालेल्या सुट्टीऐवजी दुसरा दिवस देणे ही एक व्यवस्था झाली, आणि तारीखच सोडून ‘अमुक महिन्याचा दुसरा सोमवार’ असे ठरवणे ही दुसरी. जपानमध्ये पहिली 1973 पासून आहे. दुसरी 2000 पासून आली आणि तीही निवडक सुट्ट्यांपुरतीच. शिवाय पहिली व्यवस्था वाटते तितकी सोपी नाही, कारण सोमवारी आधीच सुट्टी असेल तर काय करायचे, हे कुठेतरी लिहून ठेवावे लागते. 2020 मध्ये तिकडे 3 मे हा रविवार होता, आणि 4 व 5 मे या स्वतःच्या हक्काच्या सुट्ट्या होत्या. त्यामुळे रविवारची भरपाई 6 मे रोजी, म्हणजे थेट बुधवारी मिळाली. जुना नियम फक्त लगतच्या दिवसाचा विचार करत असे. 2007 पासून 4 मे ही रीतसर सुट्टी झाली, तेव्हा ‘पुढचा सुट्टी नसलेला दिवस’ अशी दुरुस्ती करावी लागली.

तारीखवादी: ‘सगळ्याच सुट्ट्या’ हे वाचूनच लिहायला बसलो. अमेरिकेने हा प्रयोग करून हात पोळून घेतलेले आहेत. 11 नोव्हेंबर 1918 रोजी पहिले महायुद्ध थांबले, म्हणून तिथल्या माजी सैनिकांचा दिवस त्या तारखेला असतो. तो 1971 पासून ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी नेला गेला. लोकांना ते रुचले नाही, कित्येक राज्यांनी जुनीच तारीख पाळली आणि 1978 पासून केंद्रालाही 11 नोव्हेंबरवर परतावे लागले. राहिला चोरीचा आरोप. जर्मनीत ईस्टरशी जोडलेल्या सोमवारच्या सुट्ट्या बुडूच शकत नाहीत, बुडतात त्या तारखेच्या; आणि त्यांचाही दर सात वर्षांनी एकदाच रविवार येतो, म्हणजे हिशेब आपोआप बरोबर होतो.

जुना हिशेबनीस: सरासरी बरोबर आहे, क्रम नाही. लीप वर्षांमुळे तारीख वार ओलांडून उडी मारते. 1 जानेवारी 2006, 2012, 2017 आणि 2023 या वर्षी रविवारी आली. आता थेट 2034 मध्ये येईल. सहा, पाच, सहा आणि मग अकरा वर्षे, असे ते अंतर आहे. पाच वर्षांच्या करारावर काम करणाऱ्याला तुमच्या सरासरीचा काय उपयोग?

रात्रपाळी: आपण सर्वजण रविवारी घरी असता, म्हणून ही चर्चा सुचते. माझी साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. सोमवारला बांधलेली प्रत्येक सुट्टी माझ्या घरी बसण्याच्या दिवशीच येते आणि दरवर्षी न चुकता बुडते. तारखेची सुट्टी निदान कधीतरी मंगळवारी तरी येते. वर आणखी एक गंमत आहे. सणाच्या रविवारी मी पूर्ण पाळी केली, तर पगारपत्रकात तो साधा दिवस धरला गेला, कारण सुट्टी कागदावर सोमवारी सरकली होती. दुप्पट पगार सोमवारी कामावर आलेल्यांना मिळाला. सण मात्र रविवारीच होता.

चाकरमानी: विषय सुट्टीचा आहे, आपल्या पगाराचा नाही. पाळीत काम करणाऱ्यांची रड प्रत्येक चर्चेत ऐकावी लागते.

रात्रपाळी: न्यायाची भाषा आपणच काढलीत, साहेब. तो शनिवार-रविवार घरी असणाऱ्यांपुरताच असेल, तर तसे स्पष्ट लिहा.

तारीखवादी: या एका मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने आहे. सोमवारला बांधल्याने अन्याय मिटत नाही, तो फक्त ठरावीक माणसांच्या वाट्याला कायमचा जातो.

जुना हिशेबनीस: बेल्जियमने यावर तोडगा काढला आहे. तिथे सुट्टी रविवारी किंवा कामगाराच्या नेहमीच्या बिनकामाच्या दिवशी आली, तर मालकाला तिच्याऐवजी कामाचा दिवस द्यावा लागतो. तिथे पाहतात ते त्या माणसाचे वेळापत्रक. अर्थात प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या दिवशी पडली की कारखाना एकदम बंद ठेवता येत नाही आणि हजेरी ठेवणाऱ्याचे डोके उठते.

चाकरमानी: ठीक आहे, ‘सगळ्याच’ हा शब्द मागे घेतो, तारीखवादींना पेढे वाटायला हरकत नाही. परंतु रविवारची भरपाई मिळालीच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

जुना हिशेबनीस: मग शनिवारचेही सांगून टाका. 1 जानेवारी 2022 हा शनिवार होता. अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना आदल्या शुक्रवारी सुट्टी मिळाली, पण तिथल्या फेडरल रिझर्व्ह बँका त्या दिवशी उघड्या होत्या. जपानमध्ये तर शनिवारी आलेल्या सुट्टीची भरपाईच नसते. आपल्या न्यायात शनिवार बसतो की नाही?

चाकरमानी: बसतो. आणि शुक्रवारच हवा.

रात्रपाळी: शुक्रवारी माझी रात्रपाळी असते.