‘मूल्यमापन करा’ म्हणजे मुलांनी नेमकं काय करायचं?

शाईदौत:
फ्रेंच राज्यक्रांतीवर 25 गुणांची घटक चाचणी काढतेय. एकाच धड्यावर आठवणीच्या प्रश्नापासून मूल्यमापनाच्या प्रश्नापर्यंत चढत जायचंय. शेवटचा प्रश्न मागच्या वेळी ‘बॅस्टिलच्या घटनेचे मूल्यमापन करा’ असा दिला होता आणि जवळजवळ सगळ्यांनी ती घटना पहिल्यापासून सांगून टाकली. मुलांना हा शब्दच कळत नाहीये का? परीक्षण, समीक्षा, पारखणे, यातलं काय वापरू?

रेवा_क:
मूल्यमापन आणि मूल्यांकन यात गल्लत नको हं, आमच्याकडे नोंदींच्या रकान्यात दोन्ही लिहितात, मी वर्षभराच्या नोंदी मूल्यमापनात धरते आणि शेवटची श्रेणी मूल्यांकनात.

शाईदौत:
ते आपण मुलांचं करतो ते मूल्यमापन. मी विचारतेय मुलांनी घटनेचं करायचं ते. पण बघा, शब्द एकच आहे, म्हणजे मुलंही इथेच अडकत असतील.

पाटीपेन्सिल:
क्रियापदावरच पातळी ठरते. सांगा, लिहा म्हणजे स्मरण. कारणे द्या म्हणजे आकलन. तुलना करा म्हणजे विश्लेषण. समर्थन करा म्हणजे मूल्यमापन. क्रियापदांची यादी समोर ठेवायची आणि संविधान तक्ता भरायचा, झालं.

जुनेपान:
पाटीपेन्सिल, यादी सुरुवातीला कामाची आहे, पण ‘कारणे द्या’ घ्या. धड्यात क्रांतीची चार कारणं क्रमाने दिलीयत, वर्गात वहीत उतरवून दिलीयत, मग ‘कारणे द्या’ म्हणजे पाठांतरच की. पातळी क्रियापदात नसते, उत्तर मुलाच्या वहीत आधीच आहे का यात असते. उलट ‘सांगा’ हे साधं क्रियापदसुद्धा वर चढू शकतं.

मी एकाच दिवसावर केलेलं सांगतो. पहिला, बॅस्टिल कधी पडलं? 14 जुलै 1789, 1 गुण. दुसरा, आत फक्त 7 कैदी होते तरी लोक तिकडेच का गेले? सकाळी त्यांनी दुसरीकडून बंदुका मिळवल्या होत्या, दारू बॅस्टिलमध्ये होती. धड्यात बंदुका आणि दारू दोन्ही येतात पण वेगवेगळ्या परिच्छेदांत, त्यामुळे मुलाला ते जोडावं लागतं, म्हणून हे आकलन, 3 गुण. शेवटचा 5 गुणांचा, तो असा दिला: ‘सोळाव्या लुईने आपल्या वहीत 14 जुलै 1789 या दिवसापुढे “काही नाही” असं लिहिलं. या वहीत तो मुख्यतः शिकारीच्या नोंदी ठेवत असे. यावरून राजा बेफिकीर होता हे म्हणणं तुम्हाला कितपत पटतं?’

यातला ‘कितपत’ हा शब्द माझ्या मते सगळं काम करतो. त्याला ‘घटना सांगून’ उत्तर देताच येत नाही. आणि शिकारीचं वाक्य प्रश्नातच दिलंय ते मुद्दाम, नाहीतर ज्याला ते कुठून तरी माहीत आहे त्यालाच गुण मिळतील आणि आपण परत स्मरणच तपासू.

शाईदौत:
हे फार आवडलं. पण तुमच्या पाच गुणांच्या प्रश्नात तारीख छापलीय की! पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच कागदावर मिळालं.

जुनेपान:
बरोब्बर, तेच झालं होतं, तपासताना लक्षात आलं, ज्यांना धड्यातलं बाकी काहीच आठवत नव्हतं त्यांचाही पहिला प्रश्न बरोबर होता. आता पहिला बदललाय, 5 मे 1789 ला एस्टेट्स जनरलची सभा कुठे भरली, व्हर्साय. एकाच घटकावर सगळ्या पातळ्या घेताना हे होतंच, म्हणून पूर्ण पेपर झाला की खालून वर एकदा वाचायचा.

पाटीपेन्सिल:
मान्य, वहीचा मुद्दा पटला. पण ‘कितपत’ला मुलं ‘बऱ्यापैकी पटतं’ एवढंच लिहून मोकळी होतील.

जुनेपान:
म्हणून गुण बाजूला द्यायचे नाहीत. पटतं लिहा नाहीतर नाही, फरक नाही. वही कशासाठी होती हे वापरलं 2, तिच्यावरून काय कळत नाही ते सांगितलं 2, आणखी कोणता पुरावा बघावा लागेल 1. ‘राजा वाईटच होता’ लिहून एक पान भरलं तरी शून्य.

रेवा_क:
शून्य जरा कडक नाही का? त्याने निदान मत तरी दिलंय. माझ्या वर्गातली एक मुलगी दोन ओळींच्या वर लिहीत नाही पण मत ठाम असतं तिचं.

जुनेपान:
दोन ओळीत ‘ही वही शिकारीची आहे, त्यामुळे त्या दिवशी शिकार झाली नाही एवढंच कळतं’ लिहिलं तर मी तिला 4 देईन. लांबीचा प्रश्नच नाही. नुसत्या मताला 1 द्यावा का यावर आमच्यातही दोन तट आहेत.

शाईदौत:
मग ‘पारखून सांगा’ नको? मला तो शब्द आवडतो, सोन्यासारखं घासून बघायचं असं वाटतं त्यात.

पाटीपेन्सिल:
पुराव्यासाठी ‘पारखा’ चांगला आहे, वही पारखता येते. अख्खी घटना नाही पारखता येत.

शाईदौत:
हो, हे पटतंय. म्हणजे ‘ही नोंद पारखा आणि त्यावरून केलेलं विधान कितपत पटतं ते लिहा’. थोडं लांब होतंय, दोन कामं झाली. तोडून 2 आणि 3 करू का?

जुनेपान:
तोडलंत तर पहिल्या भागात तुम्हीच वाट दाखवताय, मग दुसरा सोपा होतो. कच्च्या मुलांसाठी तोडा. मी एकत्र ठेवतो.