बंद भांड्यातून काम किती निघते?

सांजवारा: आकारमान स्थिर ठेवले की PΔV शून्य, म्हणजे कामही शून्य. मग हेल्महोल्ट्झचे कार्यफलन A, म्हणजे अंतर्गत ऊर्जा U वजा तापमान T आणि एन्ट्रॉपी S यांचा गुणाकार, ‘कमाल काम’ सांगते, या दाव्याला अर्थ काय? ΔU एवढी उष्णता बाहेर येते, विषय संपला.

रसशाळा: ‘विषय संपला’ हे वाचून राहवले नाही. आकारमान बदलले नाही तर फक्त दट्ट्या ढकलण्याचे काम शून्य होते. त्याच भांड्यात इलेक्ट्रोड बसवून दोन तारा बाहेर काढल्या, तर विजेचे काम घेता येते. ग्रॅफाइटपासून कार्बन मोनॉक्साइड होण्याची अभिक्रिया २५ अंशांवर घ्या. एका मोलमागे ΔU उणे १११.८ किलोज्यूल आहे. अर्ध्या मोल वायूचा एक मोल वायू होत असल्याने एन्ट्रॉपी ८९.४ जूल प्रति केल्विनने वाढते आणि TΔS २६.६ किलोज्यूल भरते. म्हणून ΔA उणे १३८.४, म्हणजे नुसते जाळून मिळणाऱ्या उष्णतेपेक्षाही अधिक काम!

भास्कर_ना: हे तर ऊर्जा अक्षय्यतेच्या विरुद्ध झाले. आमच्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी वीज देताना गरम होते, थंड होत नाही. हा माझा रोजचा अनुभव आहे.

रसशाळा: जादाचे २६.६ किलोज्यूल सभोवतालातून उष्णता म्हणून आत येतात, त्यामुळे हिशेब मोडत नाही. तुमची बॅटरी मात्र भरपूर प्रवाह देत असते आणि अंतर्गत रोधामुळे तापते. कमाल काम मिळायला समोरचा विरोधी विद्युतदाब घटाच्या विद्युतदाबाच्या जेमतेम खाली ठेवावा लागतो, आणि तेव्हा प्रवाह जवळजवळ शून्य असतो.

उत्तरपत्रिका: मला A ऐवजी F लिहिल्याबद्दल पदवीच्या परीक्षेत तीन गुण गमवावे लागले. F हे चिन्ह भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत सर्रास आहे, A हे जर्मन ‘आर्बाइट’ म्हणजे काम या शब्दावरून आले आहे. यात विद्यार्थ्याची चूक कोणती?

भास्कर_ना: चिन्हाचे सोडा, मला उणे चिन्हासाठी शून्य दिले होते! काही पुस्तके प्रणालीने केलेले काम धन मानतात, काही प्रणालीवर केलेले. तपासणाऱ्याने आधी विद्यार्थ्याचा संकेत पाहायला हवा.

उत्तरपत्रिका: तुम्ही संकेत न लिहिताच उत्तर दिले असेल, तर तपासणाऱ्याला दोष देऊ नका.

भास्कर_ना: माझी उत्तरपत्रिका तुम्ही पाहिली होती का?

सांजवारा: मूळ मुद्द्यावर या. विजेचे काम माझ्या ध्यानात आले नव्हते, तेवढे मान्य करतो. पण तुमच्या बंद भांड्यात अभिक्रियेअंती दाब दुप्पट होणार, मग १३८.४ हा आकडा तिथे लागू कसा?

रसशाळा: हा आक्षेप खरा आहे. तो आकडा प्रत्येक वायू १ बार दाबाला असताना मोठ्या साठ्यातील अल्प बदलाचा आहे. छोट्या भांड्यात आरंभीच्या आणि अखेरच्या प्रत्यक्ष दाबांना A काढून वजाबाकी करावी लागेल. शिवाय २५ अंशांवर ग्रॅफाइटचा असा घट चालवून दाखवता येत नाही, ही मर्यादा मीच आधी लिहायला हवी होती.

सांजवारा: मग वर्गात हेच उदाहरण द्यावे, हे मला अजून पटलेले नाही.