शब्दचर्चा : ‘परतावा देण्यात येईल’ की ‘आम्ही पैसे परत देऊ’?

म्हापशाहून, प्रश्न : मी ब्लूटूथ स्पीकर, चार्जर आणि पॉवर बँक ऑनलाइन विकतो. माझ्या पानावर असा मजकूर आहे : ‘उत्पादन सदोष आढळल्यास खरेदीच्या दिनांकापासून ७ दिवसांच्या आत परतावा देण्यात येईल. वॉरंटी १ वर्ष. द्रवजन्य नुकसान ग्राह्य नाही.’ यात मी काहीही लपवलेले नाही, तरीही ग्राहक फोन करून ‘खराब निघाला तर काय?’ असेच विचारतात. ‘वॉरंटी’ऐवजी ‘हमी’ लिहावे की ‘खात्री’?

फोंड्याहून : गॅरंटी असेल तर वस्तू बदलून मिळते आणि वॉरंटी असेल तर दुरुस्त करून मिळते, हा फरक कायद्यातच आहे. तुम्ही बदलून देत असाल, तर ‘गॅरंटी’ लिहा.

पणजीहून : हा फरक बाजारात रुळलेला आहे, कायद्यात मात्र तो नाही. १९३०च्या मालविक्री कायद्यात वॉरंटी ही करारातली दुय्यम बाब आहे. ती मोडल्यास भरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. १८७२च्या करार कायद्यातली गॅरंटी म्हणजे तर दुसऱ्यासाठी राहिलेला जामीन. ग्राहकाला यातले काहीच अभिप्रेत नसते. मराठीत खात्री आपण स्वतः करून घेतो आणि हमी दुसरा देतो, म्हणून येथे ‘हमी’ योग्य. तथापि माझ्या मते तुमच्या मजकुराचे खरे दुखणे नामात नसून क्रियापदात आहे. ‘देण्यात येईल’ म्हटले की देणारा दिसेनासा होतो आणि ग्राहकाला सरकारी कचेरीतल्या खिडकीसमोर उभे राहिल्यासारखे वाटते. तो फोन करतो, कारण त्याला कर्ता हवा असतो. ‘वॉरंटी १ वर्ष’ यातही कोणाची, हे कळत नाही. कंपनीची असेल तर कंपनीचे नाव लिहा, तुमची असेल तर ‘आम्ही’ लिहा.

मडगावहून : ‘परतावा’ हा शब्द गुंतवणुकीचा आहे, तो दुकानदाराने वापरूच नये. शिवाय माझाच अनुभव सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझा स्पीकर बंद पडला. तो पाण्यात पडला नव्हता, नुसता खिडकीजवळ ठेवलेला होता, पण आतली ओल दाखवणारी पट्टी लाल झाली होती आणि तेवढ्यावरून दुरुस्ती नाकारण्यात आली.

पणजीहून : ‘परतावा’ रकमेसाठीही चालतो, पण ‘माल परत करणे’ असाही त्याचा अर्थ कोणी घेईल, म्हणून ‘पैसे परत’ अधिक स्वच्छ. आपण ओलीचा मुद्दा काढलात, तो फार मोलाचा आहे. ‘द्रवजन्य नुकसान’ या शब्दात पाण्यात पडणे आणि दमट हवेत राहणे या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, आणि गोव्यात दुसरी गोष्ट जून ते सप्टेंबर प्रत्येक घरात घडते. विक्रेत्याने ‘स्पीकर पाण्यात पडला किंवा त्यावर पाणी सांडले, तर ही हमी लागू नाही, हवेतल्या ओलीने बिघडला, तर लागू आहे’ असे लिहिले, तर इथला ग्राहक ते वाक्य वाचून विकत घेईल. अर्थात ते पाळण्याची तयारी हवी, कारण पट्टीवरून हा फरक नेहमी ओळखता येत नाही. चार्जिंगच्या खाचेत पाण्याचे डाग किंवा गंज आहे का, हे स्वतः उघडून पाहावे लागेल.

म्हापशाहून : दिवसांचा घोळही आता लक्षात आला. एका ग्राहकाने २ जूनला मागणी नोंदवली आणि पार्सल ८ जूनला पोहोचले. माझ्या मजकुराप्रमाणे मुदत ९ जूनला संपत होती, म्हणजे त्याच्या हाती जेमतेम एक दिवस उरला. मी पैसे परत दिले, पण ते माझ्या वाक्यामुळे नव्हे. नवा मसुदा असा केला आहे : ‘पार्सल हाती पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ७ दिवस मोजा. तेवढ्यात स्पीकर बिघडलेला आढळला किंवा वर्णनाप्रमाणे नसला, तर आम्हाला फोन करा. आम्ही तो कुरियरने मागवून घेऊ आणि तुम्ही म्हणाल तसे, नवा देऊ किंवा पैसे परत देऊ. त्यानंतर वर्षभर दुरुस्ती आम्हीच करून देऊ.’

फोंड्याहून : मसुदा उत्तम आहे, पण नुसता आवडला नाही म्हणून कोणी परत केला तर? तेही लिहायला हवे.

पणजीहून : तिथेच खरी निवड आहे. २०२०च्या ई-वाणिज्य नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेणे विक्रेत्याला नाकारता येत नाही, त्यामुळे तेवढे आश्वासन ही काही सवलत नव्हे. न आवडलेली वस्तू परत घेणे मात्र तुमच्या मर्जीवर आहे. घेणार असाल, तर कुरियरचा खर्च कोणाचा, हे त्याच वाक्यात सांगा. ‘बदली’ हा शब्द तेवढा टाळा, कारण तो ऐकून नोकरीतली बदली आठवते.

मडगावहून : ‘बदली माल’ आमच्याकडे सर्रास म्हणतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही.

म्हापशाहून : मी सध्या ‘नवा देऊ’ असेच ठेवतो. न आवडलेल्या वस्तूचे वाक्य अजून लिहिलेले नाही, कारण पॉवर बँक परत मागवताना कुरियरवाले काय अटी घालतात, हे आधी विचारायचे आहे.