ट्रेलिंग स्टॉपलॉस दर मिनिटाला सरकवावा की प्रत्येक टिकला?

धागाकर्ता: एनएसईच्या रोख बाजारातील इंट्राडे खरेदीसाठी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. खरेदीनंतर भावाने गाठलेल्या उच्चांकाच्या 10 रुपये खाली स्टॉपलॉस ठेवायचा आणि तो फक्त वरच सरकवायचा, एवढाच नियम आहे.

```
peak = max(peak, ltp)
sl = max(sl, peak - 10)
```

हे दर मिनिटाला एकदा चालते. काल 500 रुपयांना 100 शेअर घेतले. भाव मिनिटाच्या मधेच 512.40 ला जाऊन आला, परंतु प्रोग्रामने पाहिले तेव्हा तो 508 होता, त्यामुळे स्टॉप 498 वरच राहिला आणि पुढच्या घसरणीत सौदा तिथेच कटला. उच्चांक दिसला असता, तर 502.40 ला बाहेर पडलो असतो. म्हणजे 440 रुपयांचा फरक. वारंवारता किती ठेवावी?

मोकळारस्ता: सरळ वेबसॉकेट जोडा आणि प्रत्येक टिकला ऑर्डर बदला. मिनिटाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

धागाकर्ता: तसे करून पाहिले होते. तेजीच्या सकाळी पंचवीस बदल झाल्यावर ब्रोकरने त्या ऑर्डरमध्ये पुढचा बदल नाकारला, आणि भाव चढत असताना स्टॉप जागीच अडकून राहिला.

जुनाखातेदार: मी आठवड्यातून एकदा हाताने स्टॉप वर घेतो. तरीही एकदा सकाळी भाव स्टॉपच्या 14 रुपये खाली उघडला आणि लिमिट लावलेली ऑर्डर तशीच पडून राहिली. इतक्या बारकाईने काय साधणार?

तिसरीखिडकी: तुमचा मुद्दा रात्रीच्या गॅपचा आहे, इंट्राडेत तो येत नाही. मूळ प्रश्नात दोन कामे एकत्र झाली आहेत. उच्चांकाची नोंद प्रत्येक टिकला घ्यावी, कारण ती आपल्याच मेमरीत होते आणि तिला खर्च नाही. ब्रोकरकडची ऑर्डर मात्र नवा स्टॉप जुन्यापेक्षा निदान 1 रुपयाने वर गेल्यावरच बदलावी.

```
if peak - 10 - sl >= 1:
    sl = modify(peak - 10)
```

`modify` ने ब्रोकरने मान्य केलेलाच भाव परत द्यावा. नाहीतर बदल नाकारला गेला तरी `sl` वर सरकलेला दिसेल आणि चूक लक्षातच येणार नाही. शिवाय खरेदीनंतरचा पहिला स्टॉप 490 धरला, तर 512.40 पर्यंत जास्तीत जास्त बाराच बदल होतील.

मात्र 10 रुपयांचे अंतर तुम्ही मिनिटाच्या बंद भावांवर तपासून ठरवले असेल, तर टिकवर तेच अंतर कमी पडेल. क्षणिक उसळीने स्टॉप वर जाईल आणि नेहमीच्या हेलकाव्यातच सौदा कटेल. कालचे 440 रुपये वाचले असते, हे खरे. परंतु असे किती सौदे लवकर कटले असते, तेही मोजा.

धागाकर्ता: अंतर मिनिटाच्या बंद भावांवरच ठरवले होते. टिकचा जुना डेटा माझ्याकडे नाही. मिनिटाच्या कॅन्डलचा हाय घेऊन तपासले तर चालेल का?

तिसरीखिडकी: त्या मिनिटात हाय आधी आला की लो, हे कॅन्डल सांगत नाही. दोन्ही क्रम धरून निकाल काढा. ते एकमेकांपासून फार दूर निघाले, तर मी त्या आकड्यांवर पैसे लावणार नाही.

मोकळारस्ता: मग आजपासून टिक साठवायला लागा. वेबसॉकेट तरी प्रत्येक सौदा कुठे देतो, हा प्रश्न उरतोच.